नोनी ज्यूस: मूत्रपिंडाचा आजार असताना घ्यावा का?

सुमेधा_क

सासऱ्यांसाठी विचारतेय. वय 66, जुना मधुमेह, क्रिएटिनिन 2.1, किडनी किती गाळते ते दाखवणारा ई-जीएफआर 34. मागच्या तपासणीत पोटॅशियम 5.3 आलं होतं. डॉक्टर म्हणाले, खाण्याकडे लक्ष द्या, पुढच्या वेळी परत बघू. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे.

ओळखीच्या एकांनी त्यांना नोनी ज्यूसच्या बाटल्या आणून दिल्यात. सकाळी अनशापोटी 60 मिली, रात्री 60 मिली. काही आठवडे झाले, घेताहेत. बाटलीवर "संपूर्ण आरोग्यासाठी" असं लिहिलंय, आणि देणाऱ्यांनी तोंडी सांगितलं की किडनी साफ होते. मी नेटवर वाचलं की त्यात पोटॅशियम खूप असतं आणि लिव्हरलाही त्रास होऊ शकतो. सासरे म्हणतात, फळाचाच रस आहे, औषध थोडंच आहे!

नक्की किती पोटॅशियम असतं? थोडा घेतला तर चालेल का? की पूर्ण बंद करायला सांगू?

कडूकारलं

वास घेऊनसुद्धा माणूस तो रस पितो म्हणजे श्रद्धा पक्की आहे. तुमचं काम अवघड दिसतंय.

बिनधास्त बंडू

फळ आहे हो ते. पॅसिफिक बेटांवरचे लोक शेकडो वर्षं वापरताहेत. फळाने किडनी खराब झाली असं कधी ऐकलं नाही. उगाच घाबरवू नका म्हाताऱ्या माणसाला.

नेफ्रॉन

बंडूशेठ, फळाने किडनी खराब होते असं इथे कुणीच म्हटलेलं नाही. आधीच अर्ध्याहून जास्त काम थांबलेल्या किडनीला त्या फळातलं पोटॅशियम बाहेर टाकता येईल का, एवढाच सवाल आहे.

सुमेधाताई, आधी आकडा घ्या. 2000 साली मूत्रपिंडविकाराच्या एका अमेरिकी नियतकालिकात एका रुग्णाची हकीगत आली होती. त्याला मूत्रपिंडाचा जुना आजार होता आणि पोटॅशियम वाढलेलं होतं. कमी पोटॅशियमचा आहार तर काटेकोर पाळतोय, असं त्याचं म्हणणं. खोदून विचारल्यावर कळलं की तो स्वतःच्या मनाने नोनी ज्यूस पितोय. डॉक्टरांनी त्या रसाचा नमुना तपासला तेव्हा लिटरला 56.3 मिलीमोल पोटॅशियम निघालं. म्हणजे संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसाइतकंच.

आता तुमच्या सासऱ्यांचा हिशेब. 56.3 ला 39 ने गुणलं की लिटरला साधारण 2200 मिलिग्रॅम होतात. 60 मिलीत 132, दोन वेळचे मिळून 264 मिलिग्रॅम. पोटॅशियम वाढलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला बहुतेक वेळा दिवसाला 2000 ते 3000 मिलिग्रॅमची मर्यादा घालून देतात. 2000 धरली तर तिचा आठवा हिस्सा या दोन घोटांत संपतो, आणि पोट भरतं म्हणावं तर तेही नाही.

बिनधास्त बंडू

264 मिलिग्रॅम? एका केळ्यात 400 असतं! मग केळ्यावर धागा काढा. संत्र्याइतकंच आहे असं तुम्हीच म्हणताय, तर एवढा गाजावाजा कशाला?

नेफ्रॉन

आकडा बरोबर आहे तुमचा. मध्यम केळ्यात 400 च्या आसपास असतं. म्हणूनच या रुग्णांच्या "टाळा" यादीत केळं आणि संत्र्याचा रस दोन्ही असतात. नोनी त्या यादीत नसतो, कारण तो कुणी खाण्यात धरतच नाही. आहारतज्ज्ञ विचारतात, काल काय काय खाल्लं? रुग्ण भाजीपासून बिस्किटापर्यंत सगळं सांगतो. कपाटातल्या बाटलीतले दोन घोट त्याच्या डोक्यात "टॉनिक" या खात्यावर जमा असतात. वरच्या रुग्णाचंही नेमकं तेच झालं होतं. तो खोटं बोलत नव्हता.

दुसरं म्हणजे लेबल. कितीतरी बाटल्यांवर पोटॅशियमचा आकडाच नसतो. 56.3 हा एका नमुन्याचा आकडा आहे, सगळ्या नोनीचा नाही. काहींत द्राक्ष किंवा ब्लूबेरीचा रस मिसळलेला असतो, काही आटवलेल्या गरापासून करतात, काहींची भुकटी किंवा कॅप्सूल येते. खरा आकडा खाली असेल तसा वरही असेल, आणि घरी बसून तो काढायचा मार्ग नाही.

दवबिंदू

द्राक्षाचा रस कशाला मिसळतात?

कडूकारलं

प्यायला जावा म्हणून. 🙂 नोनीचं फळ पिकलं की पांढुरकं, अर्धपारदर्शक, लिबलिबीत होतं आणि त्याला खवट चीजसारखा वास सुटतो. त्यातली हेक्झॅनोइक आणि ऑक्टॅनोइक ही आम्लं त्याला कारण. पारंपरिक पद्धतीत पिकलेली फळं बंद भांड्यात आठवडेच्या आठवडे ठेवतात आणि आपोआप गळणारा रस घेतात. तो आंबलेला असतो. कारखान्यात गर दाबून, गाळून, पाश्चराइज करतात. दोन्ही प्रकारच्या बाटल्यांवर नाव "नोनी ज्यूस"च, पण आतला माल सारखा नसतो.

मधुरा

मला मागे मुतखडा झाला होता. डॉक्टरांनी भरपूर पातळ पदार्थ घ्यायला सांगितले. म्हणजे मला नोनी चालेल ना? तोही किडनीचाच आजार की.

नेफ्रॉन

मधुराताई, खडा वेगळा आणि काम मंदावलेली किडनी वेगळी. खडा होऊन गेलेल्या बहुतेकांचं क्रिएटिनिन ठीकठाक असतं. गंमत म्हणजे काही प्रकारच्या खड्यांवर औषध म्हणून पोटॅशियम सायट्रेटच देतात! पण ते देण्याआधी डॉक्टर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतात, आणि किडनीचं काम बरंच कमी असेल तर देत नाहीत. म्हणजे पोटॅशियम हे काही विष नव्हे. निचरा होणाऱ्याला ते चालतं, तुंबलेल्याला चालत नाही. तुम्हाला पातळ पदार्थ म्हणून सांगितलंय ते मुख्यतः पाणी. त्यासाठी नोनीची गरज नाही.

मधुरा

ओके. धन्स. पाणीच पिते.

उंटावरचा शहाणा

@सुमेधा_क, काळजी करू नका. 5.3 म्हणजे काही नाही, लॅबची चूक असते ही. हाताला पट्टा फार वेळ बांधला, मूठ उघड-मीट करायला लावली की पोटॅशियम वाढलेलं दिसतं. दुसऱ्या लॅबमध्ये करा, 4.5 येईल.

वैद्यकीय_वाचक

हे अर्धं खरं आहे. पट्टा, मूठ, नमुना तपासायला झालेला उशीर किंवा रक्तपेशी फुटणं, या सगळ्यांनी आकडा खोटा वाढतो. पेशींच्या आत पोटॅशियम कितीतरी पट जास्त असतं, पेशी फुटली की ते बाहेर येतं. ज्याची किडनी उत्तम आहे आणि कुठलंही औषध चालू नाही, अशा माणसाचं 5.8 आलं तर पहिली शंका नमुन्यावरच घ्यावी.

पण इथे ई-जीएफआर 34, मधुमेह, टेल्मिसार्टन. या तिघांच्या सोबतीला 5.3 हा अगदी अपेक्षित आकडा आहे. तो लॅबच्या माथी मारून मोकळं होऊ नये. परत तपासा जरूर, पण "4.5 येईल" असं मनाशी ठरवून नको.

सुमेधा_क

टेल्मिसार्टनचा काय संबंध? ती तर रक्तदाबाची गोळी.

नेफ्रॉन

सगळी मेख तिथेच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

खाल्लेलं पोटॅशियम रक्तात येतं, तेव्हा शरीर दोन कामं करतं. पहिलं तातडीचं: इन्सुलिन ते पेशींच्या आत ढकलतं. दुसरं सावकाश: पुढच्या काही तासांत किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. रोज खाल्लेल्यातलं सुमारे 90 टक्के बाहेर जातं ते याच वाटेने. ही वाट उघडी ठेवायचा हुकूम अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक देतं.

आता तुमच्या सासऱ्यांकडे बघा. मधुमेहामुळे पहिलं काम कच्चं. गाळण्या कमी झाल्यामुळे दुसरं कच्चं. जुन्या मधुमेहात अल्डोस्टेरॉन मुळातच कमी असू शकतं, आणि टेल्मिसार्टन ते आणखी खाली आणतं. सोबत अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन गोळी असेल तर उरलासुरला हुकूमही पोचत नाही. एकेक गोष्ट सुटी असती तर निभलं असतं.

पेशींच्या बाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून पोटॅशियम असतं जेमतेम 60 मिलीमोल. 200 मिलीचा एक पेला नोनी म्हणजे 11 मिलीमोल. ते सगळंच्या सगळं बाहेर राहिलं असतं तर रक्तातला आकडा 0.8 ने चढला असता. तसं होत नाही, कारण बरंचसं पेशींत जातं आणि बाकीचं किडनी काढते. पण 5.3 वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात उसंत किती थोडी आहे, ते यावरून लक्षात येईल.

बिनधास्त बंडू

मग ती गोळीच बंद करा ना! गोळी रासायनिक, रस नैसर्गिक. दोघांत भांडण असेल तर गोळी जावी.

वैद्यकीय_वाचक

कृपा करून असं काही करू नका. मधुमेहाने बाधित किडनीत लघवीतून प्रथिन जात असेल तर या गटातल्या गोळ्या किडनीची घसरण धिमी करतात. हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेलं आहे. नोनीने किडनी सुधारते याला माणसांवरचा भरवशाचा पुरावा नाही. पोटॅशियम थोडं वाढलं तर आजकाल आधी आहार सुधारतात, मग लघवी वाढवणारी गोळी किंवा आतड्यात पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर देतात, ती यासाठीच की टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू ठेवता यावी. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टर ठरवतील. रस मात्र कुणालाही न विचारता आजच बंद करता येतो.

कडूकारलं

बंडू, पोटॅशियम पण नैसर्गिकच आहे रे.

अन्नपरीक्षक

यकृताचा मुद्दा मागेच पडला. त्यावर वाचलेलं सांगतो.

2005 साली ऑस्ट्रियातून तीन रुग्णांची नोंद झाली. एक 45 वर्षांचा पुरुष: यकृताची एन्झाइम्स खूप वाढलेली, दुसरं कारण सापडेना, नोनी बंद केल्यावर उतरली. दुसरी 62 वर्षांची बाई: आधी यकृताचा कुठलाही आजार नाही, तीन महिन्यांत सुमारे 2 लिटर रस पोटात गेलेला, यकृताला सूज आली आणि बंद केल्यावर आपोआप बरी झाली. तिसरा 29 वर्षांचा तरुण: त्याला पूर्वी पॅरासिटामॉलच्या थोड्याशा मात्रेनेही यकृताचा त्रास झाला होता. तीन आठवड्यांत सुमारे दीड लिटर रस घेतल्यानंतर यकृत निकामी झालं आणि तातडीने प्रत्यारोपण करावं लागलं. नंतर इतर देशांतूनही अशा तुरळक नोंदी आल्या, त्यांत एक 14 वर्षांचा मुलगाही आहे.

दीड लिटर तीन आठवड्यांत म्हणजे दिवसाला 70 मिली. सुमेधाताईंच्या सासऱ्यांची मात्रा 120 मिली आहे.

रसग्रहण

कारण माहीत आहे: अँथ्राक्विनोन. नोनीत ही द्रव्यं असतात आणि ती यकृताला मारक असतात. विषय संपला.

अन्नपरीक्षक

इतका सोपा नाही. अँथ्राक्विनोन मुख्यतः मुळांत असतात, मुळापासून रंग करतात तो त्यांच्याच जोरावर. पानांत आणि बियांतही सापडतात. गाळलेल्या रसाच्या तपासण्यांत मात्र ती मोजण्याइतकीही सापडली नाहीत, असे अहवाल आहेत. बियांसकट भरडलेल्या गराची गोष्ट वेगळी असू शकते. म्हणजे संशयित आहे, पण सिद्ध झालेला गुन्हेगार नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. युरोपीय संघाने 2003 मध्ये नोनी रसाला नवीन अन्न म्हणून परवानगी दिली. वरच्या नोंदी आल्यावर युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2006 मध्ये पुन्हा तपासणी केली आणि म्हटलं की रसामुळेच यकृतदाह झाला याचा पटण्याजोगा पुरावा नाही. सारख्याच नोंदी वाचून डॉक्टर मंडळी एक निष्कर्ष काढतात आणि प्राधिकरण दुसरा.

बिनधास्त बंडू

बघा! युरोपने मान्यता दिली आहे. इथे लोक उगीच.

अन्नपरीक्षक

मान्यता कशाला, तेही वाचा. परवानगीत एका वेळची मात्रा 30 मिली धरलेली आहे, 120 नाही. आणि यकृतावरचं ते मत सर्वसाधारण ग्राहकाबद्दल आहे. ई-जीएफआर 34 असलेल्याला चालेल, असं त्याच्यावरून काढता येत नाही.

वैद्यकीय_वाचक

@अन्नपरीक्षक, माझं मत थोडं वेगळं. यकृताच्या बाबतीत "पुरावा नाही" हा निष्कर्ष मला जरा घाईचा वाटतो. वनस्पतीमुळे यकृताला इजा होते ती बहुधा मात्रेवर अवलंबून नसते. हजारोंना काही होत नाही, एखाद्याला होतं. अशी इजा प्राण्यांवरच्या विषारीपणाच्या चाचणीत दिसतेच असं नाही. तिची ओळख पटते ती क्रमावरून: रस सुरू, काही आठवड्यांनी यकृताचं एसजीपीटी हे एन्झाइम पाच-दहा पट किंवा त्याहून वर, हेपॅटायटिस ए, बी, सी, ई नाही, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्याचं दिसत नाही, सोनोग्राफीत पित्तनलिका मोकळी, आणि रस थांबवल्यावर आकडे उतरतात. त्या ऑस्ट्रियन नोंदींतला क्रम बराचसा असाच आहे. तरीही शंभर टक्के नाही, कारण पुन्हा रस पाजून बघायचं धाडस कुणी करत नाही, करूही नये.

अन्नपरीक्षक

मान्य, पण अशा रुग्णाने त्या काळात आणखी काय घेतलं होतं, हे दरवेळी कळतंच असं नाही. नोनी घेणारा माणूस सहसा एकट्या नोनीवर थांबत नाही. माझं मत तेच राहील: शक्यता आहे, दुर्मीळ आहे, सिद्ध नाही.

वैद्यकीय_वाचक

ठीक. ज्याचं यकृत आधीच दुखावलेलं आहे किंवा ज्याला पूर्वी एखाद्या औषधाने कावीळ झाली आहे, त्याने लांब राहावं. एवढ्यावर तरी एकमत?

अन्नपरीक्षक

त्यावर एकमत.

दवबिंदू

रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन गोळी घेणाऱ्यांनीही जपावं असं वाचलंय. खरं का?

वैद्यकीय_वाचक

नोनी घेणाऱ्या एका रुग्णात वॉरफेरिनचा परिणामच होईना, अशी 2004 ची नोंद आहे. एकच नोंद आहे, पण वॉरफेरिनवाल्याने कुठलाही नवा रस किंवा काढा सुरू केला तर रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर लवकर तपासून घ्यावा, हा नियम नोनीपुरता नाही.

सुमेधा_क

सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना आकडे दाखवले. म्हणाले, बरं, 120 नाही, रोज 30 मिलीच घेतो. 66 मिलिग्रॅमने काय होतंय? यावर काय सांगू?

रसग्रहण

खरं तर 66 ने काही होत नाही. चमचाभर जास्त भाजीतही तेवढं असतं.

नेफ्रॉन

हिशेबाने रसग्रहण चुकत नाहीत. ज्याचं पोटॅशियम 4.2 आहे, क्रिएटिनिन जरासंच वाढलंय, अशा माणसाने 30 मिली घेतले तर आभाळ कोसळणार नाही. त्यालाही मी घे म्हणणार नाही, पण भांडणारही नाही.

सासऱ्यांना मात्र वेगळं सांगा. भाजीतलं पोटॅशियम भाजीसोबत येतं. त्या भाजीत तंतू आहेत, जेवण आहे, आणि चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं की पोटॅशियम बऱ्यापैकी कमी होतं. रसातून ते काढता येत नाही. तो अनशापोटी पटकन शोषला जातो, आणि भाजीतून मिळणारा तंतूंचा फायदा शून्य. बद्धकोष्ठ असेल तर तेही बघा. किडनी थकलेल्यांत थोडं पोटॅशियम शौचावाटे जातं, पोट साफ नसलं की ती वाटही अडते.

आणि 66 हा आकडा त्या एका नमुन्यावरून काढलाय. तुमच्या घरातल्या बाटलीचा तो नाही. शिवाय 30 म्हणून सुरू झालेले अंदाजाने ओतत ओतत 60 होतात. मोजमापाचं झाकण पहिल्या आठवड्यातच हरवतं.

कडूकारलं

आणि उलटी बाजू? म्हणजे फायदा?

नेफ्रॉन

त्या रकान्यात लिहायला काही नाही, हीच अडचण आहे. माणसांवरचे अभ्यास थोडे, छोटे, आणि बरेचसे उत्पादकांच्या पैशाने झालेले. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने नोनीवर रोगनिवारणाचे दावे लिहिणाऱ्या कंपन्यांना इशारापत्रं पाठवलेली आहेत. थोडा धोका पत्करावा असं काही समोर असतं तर वेगळा विचार केला असता.

जुनी_खोड

धागा वाचत होतो, एक विचारायचं राहिलंय असं वाटतं. सुमेधाताई, घरात मीठ कोणतं वापरता? "लो सोडियम" आहे का?

सुमेधा_क

हो, रक्तदाब आहे म्हणून गेल्या वर्षापासून तेच आणतो. का?

जुनी_खोड

पाकिटाच्या मागे पोटॅशियम क्लोराइड किती टक्के आहे ते वाचा आणि इथे लिहा.

सुमेधा_क

25 टक्के.

जुनी_खोड

मग हा हिशेब बघा. दिवसाला 5 ग्रॅम मीठ धरलं तर त्यात सव्वा ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. त्याचं निम्म्याहून थोडं जास्त वजन पोटॅशियमचं असतं, म्हणजे 655 मिलिग्रॅम. नोनीच्या 264 च्या अडीचपट. रोज, बारा महिने.

सोडियम कमी करायचं म्हणून त्याच्या जागी पोटॅशियम घालतात. बाकीच्यांच्या रक्तदाबाला ते चांगलंच आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणि टेल्मिसार्टनच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्याला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

नेफ्रॉन

जुनी_खोड, लाख बोललात. हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवं होतं. 5.3 हा नोनी सुरू होण्याआधीचा आकडा आहे. तो कुठून आला असेल, याचा बराचसा उलगडा इथे होतो. 655 आणि 264 मिळून 919. म्हणजे 2000 ची मर्यादा जवळजवळ अर्धी संपली, तीही ताटात काही वाढायच्या आत.

बिनधास्त बंडू

म्हणजे नोनी निर्दोष! दोषी मीठ!

कडूकारलं

बंडू, मिठाला शिक्षा झाली म्हणून नोनीची सुटका होत नाही. दोघं एकाच गाडीतून पळत होते.

सुमेधा_क

आता नेमकं काय करू, क्रमाने सांगाल का? दवाखान्याची पुढची वेळ महिन्याने आहे.

वैद्यकीय_वाचक

महिना थांबू नका. रस आणि ते मीठ आजच बंद. साधं मीठ आणा, पण कमी वापरा. येत्या एक-दोन दिवसांत पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि सोबत यकृताची तपासणी करून घ्या. काही आठवडे रस पोटात गेलाय, तेव्हा एसजीपीटी आणि बिलिरुबिन बघायला ही वेळ बरोबर आहे. रक्त देताना मूठ आवळू नका म्हणावं, आणि नमुना लगेच तपासला जाईल अशा ठिकाणी द्या.

आकडा 5.5 च्या वर आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. 6 किंवा त्याच्या पुढे असेल तर फोनवर न थांबता रुग्णालयात जाऊन ईसीजी काढायचा. पोटॅशियम वाढल्यावर बऱ्याच जणांना काहीही जाणवत नाही, ईसीजीत टी लाट टोकदार झालेली आधी दिसते. हातपाय गळून जाणं, छातीत धडधड, चक्कर असं काही झालं तर अहवालाची वाटच बघू नका.

यकृताकडे लक्ष ठेवायचं तर लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अन्नावरची वासना उडणं, उजव्या बरगडीखाली दुखणं. नोनी थांबवला तरी पुढचे काही आठवडे नजर असू द्या.

आणखी एक. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं आणि किडनीवर भार येतो.

दवबिंदू

आणि डॉक्टरांकडे जाताना नोनीची बाटली आणि मिठाचं पाकीट दोन्ही सोबत न्या. "कसलंसं टॉनिक घेत होते" म्हटल्यावर त्यांना काही कळत नाही. लेबल वाचलं की कळतं.

सुमेधा_क

आज अहवाल आला. पोटॅशियम 5.7, क्रिएटिनिन 2.2, एसजीपीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल. डॉक्टरांनी बोलावून ईसीजी काढला, तो ठीक आहे. गोळी बदलली नाही, पण पोटॅशियम बांधणारी पावडर काही दिवसांसाठी दिली आणि आठवड्याने परत तपासायला सांगितलंय. बाटली आणि पाकीट दोन्ही नेलं होतं. डॉक्टरांनी आधी मिठाचं पाकीट उचललं.

सासरे विचारताहेत, 5.3 वरून 5.7 झालं त्यात नोनीचा वाटा किती?

नेफ्रॉन

ते वेगळं काढता येणार नाही. दोन्ही एकदम बंद झालंय, त्यामुळे पुढचा आकडा उतरला तरी श्रेय कुणाचं ते कळणार नाही. क्रिएटिनिनही किंचित वर आहे, त्याचाही हात असू शकतो. एकेक करून बंद केलं असतं तर कळलं असतं, पण 5.7 वर असले प्रयोग करायचे नसतात.

बिनधास्त बंडू

उरलेल्या बाटल्यांचं काय करणार?

सुमेधा_क

ज्यांनी दिल्या त्यांना परत. त्यांनाही मधुमेह आहे, म्हणून क्रिएटिनिन कधी तपासलं होतं ते विचारलं. म्हणाले, तपासायची वेळच आली नाही, रोज नोनी घेतो ना!

वैद्यकीय_वाचक

त्यांना हा धागा पाठवा. आणि मधुमेह असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, नोनी असो नसो.